कमी दाबाने का होईना

आयटी कंपनीत मीटिंग रद्द झाल्याचं दुःख सहसा कोणाला होत नाही. चारची रिव्ह्यू मीटिंग रद्द झाल्याचा निरोप आला की तीन पन्नासला स्मशानवत चेहऱ्याने बसलेली माणसं तीन एक्कावन्नला कँटीनच्या रांगेत खिदळताना दिसतात. या नियमाला एकच अपवाद आहे. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, तुम्ही आणि तुमची मॅनेजर, दार लावलेलं, तिसरं कोणी नाही, अशी जी भेट ठरलेली असते आणि जिला सगळे 'वन-ऑन-वन' म्हणतात, ती रद्द झाली की माणूस चहाला जातो खरा, पण चहा पिताना गप्प असतो.

ही भेट कागदावर अमर असते. कॅलेंडरमध्ये ती 'दर बुधवारी, शेवटची तारीख नाही' अशी नोंदलेली असते. म्हणजे तुम्ही निवृत्त झालात तरी ती चालू राहील, अशी कंपनीच्या संगणकाची समजूत असते. प्रत्यक्षात बुधवार उजाडतो आणि दुपारी इनबॉक्समध्ये `Canceled:` अशी सुरुवात असलेली एक ओळ येऊन पडते. कारण दिलेलं नसतं. कधीकधी ओळही येत नाही. तुम्ही काचेच्या छोट्या खोलीत जाऊन बसता आणि दहा मिनिटांनी चॅटवर 'पाच मिनिटांत आले' असं येतं. या पाच मिनिटांना कुठलंच घड्याळ लागू होत नाही. अर्ध्या तासाने त्या खोलीचं पुढचं बुकिंग असलेले तिघं काचेवर टकटक करतात आणि आपण रिकाम्या खुर्चीची क्षमा मागितल्यासारखं करून बाहेर पडतो.

पण माझ्या मते सगळ्यांत जालीम प्रकार तिसराच. भेटीच्या वीस मिनिटं आधी गोड शब्दांत विचारणा होते, 'आज काही अर्जंट नसेल तर स्किप करूया का?' सभ्य प्रश्न आहे. आपल्या वेळेची काळजी केल्यासारखा वाटतो. पण त्यात मेख अशी की भेट व्हायची असेल तर ती अर्जंट असल्याचा पुरावा आता आपण द्यायचा आहे. आणि वन-ऑन-वनमध्ये बोलायच्या गोष्टी तर मुळातच अर्जंट नसतात. दोन वर्षं त्याच मॉड्यूलवर बसून डोकं गंजायला लागलंय, हे अर्जंट आहे का? नव्या टेस्टरशी पटत नाही, पण तक्रार करण्याएवढंही बिनसलेलं नाही, हे अर्जंट आहे का? दिवाळीनंतर सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि तेव्हाच रिलीज आहे, हे आज ऑगस्टात अर्जंट आहे का? नाही. म्हणून आपण 'नो प्रॉब्लेम' लिहितो आणि पुढे अंगठा चिकटवतो. त्या अंगठ्याचा अर्थ तिकडे 'सगळं छान चाललंय' असा घेतला जातो.

'पण आपण रोज बोलतोच की,' असं मॅनेजर मंडळी म्हणतात. खरं आहे. रोज सव्वाअकराला स्टँड-अप असते. पंधरा मिनिटं, बारा माणसं. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मिनिट. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. बारा माणसांसमोर सव्वा मिनिटात 'मला या टीममधून बाहेर पडावंसं वाटतंय' हे वाक्य म्हणून पाहा. व्याकरणदृष्ट्या बसतं.

या भेटीची शिस्त ज्यांनी पुस्तकात घालून दिली ते अँडी ग्रोव्ह. 1983 मध्ये ते इंटेलचे अध्यक्ष होते तेव्हा त्यांचं 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' हे पुस्तक आलं. मॅनेजर लोकांच्या टेबलावर ते अजूनही असतं. काही जणांनी ते वाचलेलंही आहे. ग्रोव्ह यांचं म्हणणं असं की ही भेट हाताखालच्या माणसाची समजायची. विषय त्याने ठरवायचे, टिपण त्याने आणायचं, मॅनेजरने ऐकायचं आणि विचारायचं. वेळ निदान एक तास, कारण त्यांच्या मते त्याहून कमी वेळ असला तर माणूस पटकन संपणारे विषयच काढतो आणि कठीण विषय खिशातच ठेवतो. एका तासावर आमच्याकडे हसू येईल. पण पहिला मुद्दा मला जास्त लागला. भेट माझी असेल, तर ती रद्द करण्याचं बटण मॅडमकडे कसं?

याचं उत्तर तांत्रिक आहे. कॅलेंडरमध्ये ज्याने आमंत्रण पाठवलं तो यजमान. यजमानाने रद्द केलं की भेट सगळ्यांच्या कॅलेंडरमधून जाते. पाहुण्याला तो अधिकार नाही. त्याने फार तर 'येत नाही' म्हणायचं किंवा दुसरी वेळ सुचवायची. आमच्याकडे सगळी वन-ऑन-वन मॅनेजर नेमले गेले त्या आठवड्यात, उत्साहाच्या भरात, एका बैठकीत पाठवली जातात. त्यामुळे यजमान तेच. आपल्याच भेटीला आपण वर्षानुवर्षं पाहुणे म्हणून जातो आणि यजमान घरी नसतात.

आता आमच्या मॅडमबद्दल. कंपनीत सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची, असं इंडक्शनच्या दिवशी बजावून सांगतात. त्याप्रमाणे मी त्यांना मेलमध्ये नावाने आणि तोंडाने मॅडम म्हणते. बाई हुशार आहेत, कामाला वाघ आहेत, आणि माझ्या बाबतीत त्यांच्या मनात काडीचाही आकस नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर कोडं पडलं होतं. फेब्रुवारीपर्यंत आमची बुधवारी साडेसहाची भेट बऱ्यापैकी होत असे. मार्चच्या मध्यापासून ती होईनाशी झाली. मग माणूस मनात मांडणी करायला लागतो. माझं काही चुकलं का? त्या दिवशीच्या डेमोत मी क्लायंटसमोर जांभई दिली, ती त्यांनी पाहिली का? अप्रेझल जवळ आलंय, म्हणून टाळताहेत का?

एका शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांचं कॅलेंडर उघडून बसले. चोरी नव्हे. कोण कधी मोकळं आहे ते पाहण्याची सोय कंपनीनेच दिलेली असते. तपशील दिसत नाहीत, फक्त भरलेले आणि रिकामे चौकोन दिसतात. मी फेब्रुवारी आणि एप्रिल शेजारी-शेजारी लावले आणि गुन्हेगार सापडला. गुन्हेगार अमेरिका.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. आपण घड्याळाला हात लावत नाही. आमचा क्लायंट न्यूयॉर्कचा. त्यांचा सकाळी नऊचा कॉल हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतो. मार्चमध्ये तिकडे घड्याळ सरकलं की तोच कॉल, त्यांच्या दृष्टीने नऊच वाजता, आपल्याकडे साडेसहाला येऊन बसतो. म्हणजे नेमका माझ्यावर. मॅडमच्या बुधवारच्या साडेसहाच्या चौकोनात मी आणि न्यूयॉर्क असे दोघं होतो. यात कोण उठणार हे सांगायला अँडी ग्रोव्ह लागत नाहीत.

हे कळल्यावर माझी जांभई निर्दोष सुटली. आणि एक गोष्ट लख्ख झाली. मॅडमनी मला टाळायचं ठरवलेलं नव्हतं. माझ्याबद्दल त्यांनी काहीच ठरवलेलं नव्हतं, आणि अडचण तीच होती. जी भेट कोणी ठरवून मोडत नाही ती दर आठवड्याला आपोआप मोडते. कोणीतरी ती ठरवून वाचवायला हवी, आणि ते काम माझ्याकडे होतं, कारण भेट माझी.

तर सांगायचं ठरलं. पण सांगायचं कुठे? असा विषय काढण्याची योग्य जागा म्हणजे वन-ऑन-वन, आणि ती तर होत नाही. स्टँड-अपमध्ये सांगितलं तर बारा जणांसमोर मॅनेजरची हजेरी घेतल्यासारखं होईल. भेट रद्द झाल्या झाल्या त्याच दिवशी सांगितलं तर शब्द कितीही मऊ असले तरी रागाचा वास येतो. अप्रेझलच्या बैठकीत काढलं तर तो विषय न राहता हत्यार होतो. लिफ्टमध्ये काढावं तर सातव्या मजल्यापासून तळापर्यंत प्रस्तावनाच होते. उरला चॅट. चॅटवर फक्त पाच मिनिटं मागायची आणि विषय आधी सांगून टाकायचा, एवढं मी पक्कं केलं. कारण नुसतं 'जरा बोलायचं होतं' असं लिहिलं, की आयटीतल्या प्रत्येक मॅनेजरला त्यात राजीनामा दिसतो. त्यांना रात्रभर जागवून आपलं काम सोपं होत नाही.

पाच मिनिटांत काय बोलायचं, त्याचे मसुदे मी वहीत उतरवले. पहिला मसुदा पुणेरी होता. 'आपली भेट ही संकल्पना म्हणून मला फार आवडते' असा त्याचा आरंभ. चार मित्रांना वाचून दाखवला. सगळ्यांना फार आवडला. जे वाक्य चार सहकाऱ्यांना फार आवडतं ते मॅनेजरला बोलू नये, हा साधा आडाखा आहे.

दुसरा मसुदा त्याच्या उलट. 'तुम्ही खूप बिझी असता ते समजतं मला, आणि तसं काही विशेष नाही, पण कधी वेळ मिळाला, जमलं तर, आपलं वन-ऑन-वन, म्हणजे अगदी दहा मिनिटं असली तरी चालेल, नाहीतर राहू दे.' आपल्याकडे नम्रपणा असाच शिकवतात. लग्नघरी दुसऱ्या जिलबीचा आग्रह होतो तेव्हा आपण याच सुरात नको म्हणतो. तिथे ते ठीक आहे, कारण वाढपी ते खरं मानत नाही. ऑफिसात खरं मानतात. या वाक्यात बाहेर पडायला पाच दारं आहेत आणि पाचही सताड उघडी आहेत. ऐकणारा त्यातल्या कुठल्याही दाराने हसत बाहेर जाऊ शकतो. 'हो हो, नक्की करूया' एवढं उत्तर मिळतं आणि पुढच्या बुधवारी पुन्हा न्यूयॉर्क.

तिसरा मसुदा एका मित्राने सुचवला. त्याने कोणत्या कोणत्या तारखांना भेट रद्द झाली याचा तक्ता करून दिला, लाल रंगात. तो वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडून आयटीत आलाय. तारखांचा तक्ता तुमच्याकडे असावा, दाखवू मात्र नये. तक्ता समोर आला की माणूस प्रत्येक तारखेचा बचाव करायला लागतो. 'त्या दिवशी सर्व्हर पडला होता, त्या दिवशी ऑडिट होतं.' प्रत्येक कारण खरंच असतं. सुट्या तारखांवर वाद घातला तर आपण सगळे खटले हरतो.

शेवटी जे बोलले ते असं. 'मॅडम, गेले दोन महिने आपलं वन-ऑन-वन जवळजवळ झालंच नाही. मार्चपासून क्लायंटचा कॉल साडेसहाला आला, त्यामुळे ती वेळच मोडली. त्यात माझे दोन विषय अडकलेत. एक, पेमेंटचं मॉड्यूल मी जूननंतरही बघायचं की नव्या मुलाच्या हातात द्यायचं, हे ठरत नाहीये, म्हणून त्याला शिकवायला सुरुवात करता येत नाही. दुसरा विषय माझा स्वतःचा आहे, तो तेव्हाच बोलेन. आपण वेळ बदलूया का? मंगळवारी पावणेबारा ते सव्वाबारा तुमच्याकडे मोकळं दिसतंय. चालत असेल तर आमंत्रण मीच पाठवते.'

यात काही बहादुरी नाही, पण रचना आहे. रद्द कोणी केलं हा शब्दच त्यात नाही, 'वेळ मोडली' एवढंच आहे. आणि ते खोटं नाही. भेट न झाल्यामुळे माझं मन कसं दुखावलं हे सांगण्याऐवजी काम कुठे अडलं ते सांगितलं, कारण मन दुखल्यावर मॅनेजरला काय करायचं ते कळत नाही, पण काम अडल्यावर कळतं. आणि 'कधी जमेल?' असं न विचारता वार आणि वेळ समोर ठेवली. 'कधी जमेल' या प्रश्नाचं उत्तर शोधायला मॅनेजरला स्वतःचं कॅलेंडर उघडावं लागतं. ते उघडलं की त्यांना स्वतःचंच वाईट वाटतं आणि आपला विषय मागे पडतो.

मंगळवार पावणेबारा का, तेही सांगते, कारण खरी मेहनत तिथेच गेली. सोमवारी सगळ्या कंपनीभर स्टेटस चालतं. शुक्रवारी अर्धे लोक घरून काम करतात आणि उरलेले गावाला जायच्या गाडीकडे डोळे लावून असतात. संध्याकाळ म्हणजे न्यूयॉर्कची सकाळ, तिकडे फिरकायचंच नाही. सकाळी दहा ही वेळ कागदावर सुंदर दिसते, पण आदल्या रात्री अकरापर्यंत कॉलवर असलेली बाई दहाला येत नाही आणि आलीच तर ऐकत नाही. पावणेबाराला अमेरिका गाढ झोपलेली असते. स्टँड-अप साडेअकराला संपते आणि तिचं शेपूट लांबलं तरी पंधरा मिनिटं हाताशी राहतात. पाठीला पाठ लावून मीटिंग ठेवली तर आधीचीचा उशीर पुढचीच्या पोटात जातो, म्हणून हा मोकळा तुकडा मुद्दाम ठेवला. शिवाय पुढे जेवणाची वेळ असते. सव्वाबारानंतर बोलणं लांबलं तर आत कोणी घुसत नाही, फार तर डबा थंड होतो.

मॅडमचं उत्तर ऐकून मी चाटच पडले. 'अगं, मला वाटायचं तुला बरंच वाटत असेल! अर्धा तास मोकळा मिळतो.' मीटिंग रद्द करणं ही भेटवस्तू आहे अशी मॅनेजर लोकांची प्रामाणिक समजूत असते, कारण त्यांची स्वतःची एखादी रद्द झाली तर त्यांना खरोखरच मोक्ष मिळतो. पुढे त्या म्हणाल्या, 'आणि खरं सांगू? तुझ्या कामात कधी गडबड नसते. म्हणून काहीतरी सोडायची वेळ आली की पहिली तुझी सोडते.' यालाच कौतुक म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही, पण टीममधल्या सगळ्यांत बेभरवशाच्या मुलाची वन-ऑन-वन एकदाही चुकलेली नाही हे त्यातून कळलं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हे आपल्या आयाबायांना माहीत होतं. मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात ते आलेलं दिसत नाही.

मग त्यांनी दार आणखी थोडं लोटून घेतलं आणि आवाज खाली करून म्हणाल्या, 'माझी तरी कुठे होते वरच्यांशी?' म्हणजे वरचे त्यांची वेळ हलवतात, ती हललेली वेळ यांच्या कुठल्यातरी भेटीवर पडते, ती भेट माझी असते. आणि मी त्या आठवड्यात नव्या मुलाला म्हटलं होतं, 'तुझ्याशी बोलायचंय, पण आज नाही रे जमत.' साखळी पूर्ण.

तत्त्वतः सगळं मान्य झालं. पण मान्य झालेल्या गोष्टी मोडतात कशा हे आता मला माहीत होतं. म्हणून मी उरलेला मुद्दा काढला. भेट हलवावी लागणारच, सर्व्हर काही मंगळवार बघून पडत नाही. तर हलवायची कशी?

इथे मला पुणे महानगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग उपयोगी पडला. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात. लोक त्याबद्दल पालिकेला नावं ठेवतात, पण तिची पद्धत बघा. आधी कळवते. कुठे बंद आणि का बंद ते सांगते. आणि मुख्य म्हणजे त्याच निवेदनात पुढचं वाक्य असतं, की शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल. त्या एका वाक्यावर सबंध पेठा शांत राहतात. पाणी बंद आहे म्हणून माणूस चिडत नाही, पुन्हा कधी येणार हे कळत नाही म्हणून चिडतो. आमच्या रद्द मेलमध्ये नेमकं हेच दुसरं वाक्य नसायचं.

मॅडम पेठेतल्याच. त्यांना एका झटक्यात पटलं. ठरलं असं, की मंगळवारचा पाऊण तास कुठल्याही नव्या मीटिंगला द्यायचा नाही. हो, बोलता बोलता अर्ध्याचा पाऊण तास झाला. त्याचं कारण म्हणजे दर आठवड्याऐवजी एक आठवड्याआड भेटायचं मीच कबूल केलं. त्यांच्या हाताखाली नऊ जण आहेत. प्रत्येकाला दर आठवड्याला अर्धा तास म्हणजे साडेचार तास होतात. ते जमत नव्हतं म्हणून तर सगळ्यांचंच मोडत होतं. ग्रोव्हही म्हणतात की कामात मुरलेल्या माणसाला रोजच्या पंक्तीला बसवायची गरज नाही, नवख्याला जास्त वेळा भेटावं. साप्ताहिकाच्या हट्टापायी काहीच न मिळण्यापेक्षा होणारं पाक्षिक बरं. लाइव्ह सिस्टिम बंद पडली किंवा क्लायंट प्रत्यक्ष दारात आला तरच मंगळवार सोडायचा. सोडला तर त्याच मेलमध्ये त्याच आठवड्यातली दुसरी वेळ द्यायची. आणि अगदीच तीही नसेल, तर पंधरा मिनिटांची भेट, कमी दाबाने.

आमंत्रण मी पाठवलं. आता यजमान मी. मॅडमना यायचं नसेल तर त्यांना 'येत नाही' हे बटण दाबावं लागतं, आणि ते दाबताना माणूस क्षणभर तरी थबकतो. रद्द करताना थबकत नाही. आणखी एक बारीक गोष्ट केली. पूर्वी त्या भेटीचं नाव नुसतं 'कॅच-अप' होतं आणि खालचा चौकोन रिकामा. दिवस गच्च भरला की मॅनेजरची नजर सगळ्यांत आधी अशाच रिकाम्या चौकोनावर जाते, कारण त्यातून नेमकं काय बुडणार ते दिसत नाही. आता सोमवारी संध्याकाळी मी त्यात दोन ओळी लिहिते. 'पेमेंट मॉड्यूल: कोणाकडे, कधीपासून, निर्णय हवा.' 'निर्णय हवा' असं लिहिलेली भेट सहसा उडवली जात नाही. उडवली तर तो निर्णय तसाच पडून राहतो आणि पुढच्या मंगळवारी त्याच ओळीत, त्याच जागी दिसतो. स्वतःबद्दलचा विषय मात्र तिथे लिहायचा नाही. तिथे फक्त 'आणखी एक' असं लिहायचं. कॅलेंडर काय, कोणीही उघडून बसतं, हे मला अनुभवाने माहीत आहे.

ग्रोव्ह यांची एक युक्ती मला उशिरा सापडली. त्यांच्या मते ही भेट छापील साच्यात न अडकवता एक संपताना पुढची ठरवावी, म्हणजे दोघांची पुढची गैरसोय तिथेच समोर येते आणि रद्द करायची पाळी येत नाही. आम्ही मंगळवार कायम ठेवला, पण उठता उठता पुढची तारीख मोठ्याने म्हणतो. 'त्या दिवशी मी बेंगळुरूला आहे' हे आता वीस मिनिटं आधी न कळता दोन आठवडे आधी कळतं.

सगळं सुरळीत आहे असा समज नको. मध्यंतरी एकदा भेट दोनदा सरकली आणि तिसऱ्यांदा सरकवायचा निरोप आला. दोन सरकवण्यांपर्यंत मी गप्प राहते, तिसरी आली की विचारते, 'मंगळवारच बदलूया का?' हा टोमणा नाही, चौकशी आहे. कधीकधी वेळ खरंच पुन्हा कुजलेली असते. आणि वेळ तीनदा बदलून, विषय आधी लिहूनही भेट होत नसेल, तर अडचण कॅलेंडरची नसते. काही मॅनेजरना बोलायचंच नसतं. त्यांना आणखी एक सुरक्षित स्लॉट देण्यात अर्थ नाही. मग विषय लेखी द्यायचा, 'अमुक तारखेपर्यंत काही कळवलं नाहीत तर मी असं करते आहे' हे वाक्य जोडायचं आणि कामाला लागायचं. वरच्यांच्या वरच्यांकडे जाण्याचा रस्ता त्यानंतर येतो, आधी नाही. पहिल्याच रद्द मेलला जे तो रस्ता धरतात त्यांची वन-ऑन-वन पुढे फार नियमित होते, पण समोर एचआरही बसलेली असते.

माझा दुसरा विषय, स्वतःचा, पहिल्याच मंगळवारी निघाला. सहा मिनिटांत संपला. मला डेटाच्या कामात जायचं होतं आणि मॅडम त्याच कामासाठी बाहेरून माणूस शोधत होत्या.

तेव्हा ज्यांची भेट संध्याकाळी आहे त्यांनी नोव्हेंबरचा पहिला रविवार आजच कॅलेंडरवर नोंदवून ठेवा. त्या दिवसापासून तुमच्या मॅनेजरचा कॉल एक तास पुढे जाणार आहे. तो कोणाच्या स्लॉटवर जाऊन बसतो, ते त्याआधीच्या शुक्रवारीच बघून घ्या.